पोटाचा घेर: आपल्यासाठी ९० आणि ८०, पाश्चात्त्यांसाठी १०२ आणि ८८. हा फरक का?

सांगलीत माझा दवाखाना आहे. रक्तदाब किंवा साखर तपासायला आलेल्या प्रत्येकाच्या पोटाचा घेर मी मोजतो. टेप गुंडाळून ठेवेपर्यंत प्रश्न सुरू होतात. त्यातले जे पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरं इथे सविस्तर लिहितो आहे.

डॉक्टर, नेमके आकडे सांगा. कुठवर ठीक आणि कुठून काळजी?

भारतीय पुरुषासाठी ९० सेंटीमीटर, स्त्रीसाठी ८० सेंटीमीटर. इंचांत सांगायचं तर पुरुषांना साधारण साडेपस्तीस आणि बायकांना साडेएकतीस. घेर तिथे पोचला की त्याला पोटाचा लठ्ठपणा म्हणतात, मग वजनकाटा काहीही दाखवो.

अमेरिकेत २००१ सालच्या कोलेस्टेरॉलविषयक मार्गदर्शक सूचनांमध्ये पुरुषांसाठी १०२ आणि स्त्रियांसाठी ८८ ही मर्यादा धरली गेली, म्हणजे ४० आणि ३५ इंच. युरोपीय वंशाच्या लोकांसाठी दोन पायऱ्या सांगितल्या जातात. पुरुषांना ९४ आणि स्त्रियांना ८० ला धोका वाढायला लागतो, आणि १०२ व ८८ ला तो बराच वाढलेला असतो.

आशियाई लोकांसाठी ९० आणि ८० हे आकडे २००० साली आशिया-पॅसिफिक भागासाठी तयार झालेल्या लठ्ठपणाविषयीच्या दस्तऐवजात आले. २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने दक्षिण आशियाई लोकांसाठी तेच स्वीकारले आणि २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांच्या एकमताच्या निवेदनातही तेच कायम राहिले. त्या निवेदनात आणखी एक पायरी आहे, जिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही: पुरुषांना ७८ आणि स्त्रियांना ७२. इथे आजार नसतो, पण यापुढे घेर वाढू द्यायचा नाही, एवढं कळण्याची ती जागा आहे.

हा १०२ आकडा आला कुठून? कुणी आजार मोजून काढला का?

हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण फरकाचं अर्धं उत्तर इथेच आहे.

१९९५ मध्ये ग्लासगोतल्या संशोधकांनी तिथल्या स्त्री-पुरुषांची उंची, वजन आणि घेर मोजले. त्यांना एक सोपं साधन हवं होतं. सामान्य माणसाला बीएमआयचा, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती याचा, हिशोब करायला लावण्यापेक्षा एका टेपवर काम भागेल का, हे त्यांना बघायचं होतं. त्यांच्या लोकांत बीएमआय २५ च्या आसपास असलेल्या पुरुषाचा घेर ९४ आणि स्त्रीचा ८० निघाला. बीएमआय ३० च्या आसपास तेच १०२ आणि ८८ झाले. हेच आकडे पुढे जगभर गेले.

म्हणजे १०२ चा मूळ अर्थ ‘स्कॉटलंडमधल्या गोऱ्या पुरुषाचा बीएमआय ३० झाला’ एवढाच होता. घेर इतका झाला की मधुमेह होतो, असं मोजून तो काढलेला नव्हता. आता दोन गोष्टी बघा. आपल्याकडे बीएमआय ३० होण्याच्या खूप आधी साखर वाढायला लागते. आणि त्याच बीएमआयला आपल्या माणसाचं शरीर आतून वेगळं असतं. मग ग्लासगोच्या अंगावर बेतलेला आकडा मिरजेच्या माणसाला कसा लागू पडावा?

मग आपला ९० कसा ठरला?

आपल्याकडे प्रश्न उलट्या टोकाने विचारला गेला. आधी साखर, रक्तदाब आणि रक्तातली चरबी तपासली, आणि मग कोणत्या घेरापासून हे बिघाड जास्त दिसायला लागतात ते पाहिलं. चेन्नईच्या संशोधकांनी २००३ मध्ये असं केलं, तेव्हा मधुमेहाच्या दृष्टीने पुरुषांचा आकडा ८५ आणि स्त्रियांचा ८० आला. म्हणजे ९० पेक्षाही खाली! दिल्लीच्या गटाने २००६ मध्ये दोन पायऱ्या मांडल्या: ७८ आणि ७२ ला सावध व्हा, ९० आणि ८० ला डॉक्टर गाठा.

असा आकडा काढताना नेहमी तडजोड करावी लागते. रेषा खाली ओढली तर आजाराच्या वाटेवरचे जवळजवळ सगळे सापडतात, पण त्यांच्याबरोबर कित्येक निरोगी माणसंही उगीच घाबरतात. रेषा वर ओढली तर घाबरणारे कमी होतात, पण खरे आजारी हातातून सुटतात. दोन्ही चुका कमीत कमी होतील अशी जागा शोधतात. त्यामुळे ८९ वाला सुरक्षित आणि ९१ वाला संकटात, असं समजू नका. धोका घेराबरोबर चढत जातो. ९० हा तपासण्या कराव्यात असं सांगणारा आकडा आहे.

पण तेवढ्याच घेरात आपल्याला जास्त धोका का?

कारण टेप बाहेरून फिरते आणि आतली चरबी कुठे बसली आहे ते तिला दिसत नाही.

पोटावर दोन जातीची चरबी असते. एक कातडीखालची, जी चिमटीत धरता येते. दुसरी आतड्यांभोवतीची आणि यकृतातली, जी चिमटीत येत नाही. कातडीखालची बऱ्यापैकी गुणी असते. तिचं काम साठवणुकीचं. आतली मात्र स्वस्थ बसत नाही. तिच्यातून सुटलेली मेदाम्लं थेट यकृताकडे जातात, यकृत इन्शुलिनला दाद देईनासं होतं, रात्रभर साखर बनवून रक्तात सोडत राहतं आणि रक्तातली ट्रायग्लिसराइड नावाची चरबी वाढवतं. सकाळी उपाशीपोटी साखर वाढलेली दिसते ती यामुळेच.

आता आपल्या अंगाची गोष्ट. हरिपूरला हळद साठवायची जमिनीखालची पेवं होती, ती सांगलीकरांना माहीत आहेत. पेव मोठं असेल तर माल कितीही आला तरी आत मावतो. लहान असेल तर ते लवकर भरतं आणि पोती घरात, ओसरीवर, जिथे जागा मिळेल तिथे पडतात. दक्षिण आशियाई माणसाचं कातडीखालचं पेव लहान असतं, अशी एक चांगली पुरावा असलेली मांडणी आहे. मांड्या, नितंब आणि पोटाच्या वरच्या थरात युरोपीय माणूस जेवढी चरबी निवांत साठवतो, तेवढी आपल्याला साठवता येत नाही. जास्तीचा माल लवकरच यकृतात, आतड्यांभोवती आणि स्नायूंत जाऊन पडतो. म्हणून ९२ च्या घेरात आपल्या आत जे चाललेलं असतं, ते गोऱ्या माणसात पुष्कळ पुढच्या घेराला सुरू होतं.

दुसरं कारण स्नायू. जेवणानंतरची साखर शोषून घेणारा सगळ्यात मोठा अवयव म्हणजे स्नायू, आणि तेवढ्याच वजनाच्या युरोपीय माणसापेक्षा आपल्याकडे तो कमी असतो. काड्यांसारखे हातपाय आणि पुढे आलेलं पोट, ही आपल्याकडे सर्रास दिसणारी शरीरयष्टी या दोन्ही कारणांची मिळून झालेली आहे.

याचा पुरावा सर्वांत आधी लंडनमध्ये ठळकपणे दिसला. तिथे स्थायिक झालेले पंजाबी, गुजराती आणि इतर दक्षिण आशियाई लोक आणि शेजारचे गोरे लोक यांची तुलना १९९१ मध्ये छापली गेली. बीएमआय दोघांचा जवळपास सारखाच होता. पण आपल्या लोकांची पोटं पुढे होती आणि मधुमेह सुमारे चौपट होता.

आपल्या महाराष्ट्रातला पुरावा तर आणखी बोलका आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचाच फोटो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापला. दोघांचाही बीएमआय २२.३. वजनकाट्याच्या दृष्टीने दोघंही सडपातळ. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के निघाली.

म्हणजे हे आपल्याला जन्मापासूनच मिळतं का?

बऱ्याच अंशी. पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांमध्ये याज्ञिकांच्या गटाने नवजात बाळं मोजली आणि त्यांची तुलना इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनच्या बाळांशी केली. आपलं बाळ सरासरी २.७ किलोचं, तिकडचं ३.५ किलोचं. पोट आणि दंड, म्हणजे अवयव आणि स्नायू, आपल्या बाळांत बरेच लहान होते. पण खांद्याच्या फऱ्याखालची चरबी मात्र त्यामानाने जवळपास टिकून होती. बाळ लहानखुरं, पण चरबी राखून जन्मलेलं.

पिढ्यान् पिढ्या कमी खाऊन राबणाऱ्या आयांच्या पोटी हे घडत आलं, आणि जनुकांचा वाटाही त्यात आहे. असं मूल शेतात कष्ट करत मोठं झालं तर फारसं बिघडत नाही. तेच पुढे खुर्चीवर बसून काम करू लागलं आणि ताट भरून जेवू लागलं की चाळिशीच्या आत साखर येते. आपल्या जिल्ह्यात एका पिढीत पाण्याबरोबर ऊस आणि द्राक्षबाग आली, पैसा आला, बैलाच्या जागी ट्रॅक्टर आला. खाणं वाढलं आणि कष्ट घटले. शरीर मात्र आजोबांचंच राहिलं.

एखादं उदाहरण घेऊन सांगा ना.

घेऊ. दवाखान्यात नेहमी येणाऱ्या माणसांवरून मी हे बेतलं आहे.

मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी असलेले एक गृहस्थ. वय ४२, उंची १६८ सेंटीमीटर, वजन ६६ किलो. दिवसभर बैठं काम, व्यायाम नाही, आईला मधुमेह. बीएमआय निघतो २३.४. घेर ९३. त्यांच्या आरोग्य तपासणीच्या कागदावर बीएमआयपुढे ‘नॉर्मल’ आणि घेरापुढेही ‘नॉर्मल’, कारण कागदावर १०२ ची मर्यादा छापलेली. युरोपची पहिली पायरी लावली तरी ९३ म्हणजे ९४ च्या आतच.

रक्ताचे आकडे असे: उपाशीपोटी साखर ९८, ट्रायग्लिसराइड १८२, चांगलं कोलेस्टेरॉल म्हणजे एचडीएल ३६, रक्तदाब १२६/८२.

मधुमेह आणि हृदयविकाराकडे नेणाऱ्या एकत्रित बिघाडांना मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. तो ठरवताना पाच गोष्टी बघतात आणि त्यातल्या तीन बिघडलेल्या असाव्या लागतात. ट्रायग्लिसराइड १५० च्या वर आहे, ही एक. पुरुषात एचडीएल ४० च्या खाली आहे, ही दोन. साखर १०० च्या आत, रक्तदाब १३०/८५ च्या आत, म्हणून त्या दोन मोजायच्या नाहीत. राहिला घेर. पाश्चात्त्य मर्यादा लावली तर घेर ठीक, एकूण दोन, म्हणजे सिंड्रोम नाही, पुढच्या वर्षी या. आपली ९० ची मर्यादा लावली तर घेर बिघडलेला, एकूण तीन, म्हणजे सिंड्रोम आहे. माणूस तोच, रक्त तेच. टेपवरच्या एका रेषेने निदान बदललं.

आता चेन्नईच्या मधुमेह तज्ज्ञांनी भारतीयांसाठी बनवलेला धोक्याचा तक्ता लावू. वय ३५ ते ४९ चे २० गुण, घेर ९० ते ९९ चे १०, व्यायाम नाही आणि काम बैठं म्हणून ३०, एका पालकाला मधुमेह म्हणून १०. बेरीज ७०. या तक्त्यात ६० किंवा त्याहून जास्त गुण झाले की धोका जास्त. म्हणून एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी, करायला सांगितलं. ते आलं ५.९, म्हणजे मधुमेहपूर्व अवस्था. नुसत्या उपाशीपोटीच्या साखरेवर थांबलो असतो तर हे सुटलं असतं.

बायकांचा आकडा युरोपातही ८० आणि आपल्याकडेही ८०. मग त्यांच्यात फरक नाहीच का?

आकडा एकच असला तरी त्याचं वजन वेगळं आहे. युरोपीय बाईला ८० ला ‘लक्ष ठेवा’ म्हणतात आणि खरी काळजी ८८ ला सुरू होते. आपल्या बाईला ८० लाच तपासण्या करून घ्या म्हणतात. अमेरिकी तक्ता लावला तर ८० ते ८८ मधल्या सगळ्या बायका निरोगी ठरतात, आणि माझ्या अनुभवात सांगलीतल्या पस्तिशी-पन्नाशीच्या बायका मोठ्या संख्येने नेमक्या याच पट्ट्यात असतात.

जपानचं उदाहरण इथे डोळे उघडणारं आहे. तिथे २००८ पासून ४० ते ७४ वयाच्या लोकांची तपासणी होते आणि त्यात घेर मोजतात. त्यांची मर्यादा पुरुषांना ८५ आणि स्त्रियांना ९०. बायकांची जास्त! याचं कारण त्यांनी प्रश्नच वेगळा विचारला. सीटी स्कॅनवर बेंबीच्या पातळीला आतली चरबी १०० चौरस सेंटीमीटर भरते तेव्हा बाहेरून घेर किती असतो, हे त्यांनी पाहिलं. स्त्रियांच्या कातडीखाली चरबी जास्त असते, त्यामुळे आत तेवढीच चरबी असताना बाहेरचा घेर मोठा भरतो. या ९० वर जपानबाहेर बरीच टीका झाली, आणि मलाही तो पटत नाही, कारण आजार मोजून पाहिला तर स्त्रियांचा आकडा खाली येतो. पण ‘आशियाई’ म्हणून एकच आकडा सगळीकडे चालत नाही, हे यातून कळतं. कोरियात स्त्रियांना ८५ धरतात.

टेप नेमकी कुठे धरायची? मी घरी मोजतो तेव्हा दरवेळी वेगळं येतं.

आकड्यांवरून वाद घालणारे मोजण्याकडे दुर्लक्ष करतात. चुकीच्या जागी मोजलं तर चार-पाच सेंटीमीटरचा फरक सहज पडतो, आणि पुरुषांसाठी आपला ९० आणि युरोपची पहिली पायरी ९४ यांत फरक जवळपास तेवढाच आहे.

जागतिक आरोग्य संघटनेची पद्धत अशी. कुशीत बोटं दाबत खाली या, सगळ्यात खालची बरगडी लागेल तिथे पेनाने खूण करा. मग कमरेचं हाड चाचपा, त्याचा वरचा कंगोरा सापडेल तिथे दुसरी खूण. या दोन खुणांच्या बरोबर मध्ये टेप धरायची. बेंबी हा खुणेचा दगड मानू नका. पोट सुटलेल्या माणसाची बेंबी खाली ओघळलेली असते. अमेरिकेत काही ठिकाणी कमरेच्या हाडाच्या वर टेकवून मोजतात, तिथे आकडा थोडा जास्त येतो, बायकांमध्ये तर जास्तच.

सकाळी, जेवणाआधी, लघवीला जाऊन आल्यावर मोजा. पाय जुळवून सरळ उभे राहा, हात बाजूला सैल सोडा. टेप पाठीमागे वर चढलेली नाही ना, हे दुसऱ्या कुणाला तरी बघायला सांगा. नेहमीसारखा श्वास सोडा आणि त्या क्षणी आकडा वाचा. टेप कातडीला टेकलेली असावी, रुतलेली नसावी. दोनदा मोजा. एक सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक आला तर पुन्हा मोजून सरासरी काढा.

पुरुष श्वास आत ओढतात. हे जवळजवळ प्रत्येक जण करतो, काही जण नकळत. मी मोजताना घरची चौकशी करतो, उत्तर द्यायला तोंड उघडलं की पोट आपोआप सुटतं.

बायकांच्या बाबतीत अडचण परकराच्या नाडीची. नाडी जिथे बांधतात तिथे वर्षानुवर्षांचा वळ पडलेला असतो, आणि सगळ्या तिथेच टेप लावतात. ती जागा बहुतेक वेळा खूप खाली असते, आणि नाडीने पोट आवळलेलं असतं. निऱ्यांचा गठ्ठा टेपखाली आला तर तीन-चार सेंटीमीटर त्याचेच. नाडी सैल करा, पदर बाजूला घ्या आणि थेट कातडीवर मोजा. दवाखान्यात किंवा शिबिरात हे मोजायला बाईमाणूस असावं, हे मी आग्रहाने सांगतो. संकोचापायी साडीवरून मोजलेला आकडा कामाचा नसतो.

शिवणकामाची कापडी टेप जुनी झाली की ताणते. पोलादी पट्टीशेजारी ठेवून बघा. आणि इंचांची बाजू वाचतो आहोत की सेंटीमीटरची, हे पाहूनच लिहा.

माझी पॅंट ३४ ची आहे, म्हणजे मी ९० च्या आत. बरोबर ना?

नाही. ३४ इंच म्हणजे ८६ सेंटीमीटर हे गणित बरोबर आहे, पण पॅंट पोटाच्या खाली बसते, पोटाभोवती नाही. पोट वाढतं तशी पॅंट खाली सरकत जाते, आणि त्यामुळे नंबर वर्षानुवर्षं तोच राहतो. शिवाय तयार कपड्यांवरचा ३४ प्रत्यक्षात जास्त भरतो. वर सांगितलेले दिवाणजीही ३४ चीच पॅंट घालतात.

आशाताई घरी येऊन मोजून गेल्या. त्यांनी कोणता आकडा धरला?

आपलाच. तिशीच्या पुढच्या प्रत्येकासाठी त्या एक फॉर्म भरतात. त्यात पुरुषाला ९० पर्यंत शून्य गुण, ९१ ते १०० ला एक, त्यापुढे दोन. स्त्रीला ८० पर्यंत शून्य, ८१ ते ९० ला एक, त्यापुढे दोन. वय, तंबाखू, दारू, व्यायाम आणि घरातला आजार यांचेही गुण असतात. बेरीज चारच्या वर गेली की आरोग्य केंद्रात तपासणीसाठी त्यांना आधी बोलावतात. म्हणून आशाताईंना घाईघाईत साडीवरून किंवा शर्टावरून मोजायला लावू नका, त्यांना दोन मिनिटं द्या.

मुलगा अमेरिकेत असतो. तिथे त्याला १०२ लागू की ९०?

९०. आकडा वंशाप्रमाणे लावायचा, पासपोर्टप्रमाणे नाही. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने हे स्पष्ट लिहिलं आहे. तिकडचा डॉक्टर १०२ धरत असेल तर मुलाने स्वतःहून सांगावं की मी दक्षिण आशियाई आहे.

आमचे दादा पैलवान होते. त्यांचं वजन ९५ किलो आहे. त्यांना कसं मोजायचं?

कुस्ती खेळणाऱ्या पैलवानाचा बीएमआय ३० च्या वर असू शकतो आणि तो स्नायूंमुळे. तिथे बीएमआय फसवतो आणि घेर खरं सांगतो. उंच, भरदार गड्याचा घेर नुसत्या बांध्यामुळेही ९० च्या पुढे जाऊ शकतो, म्हणून त्यांच्या बाबतीत घेराला उंचीने भागून बघा. घेर उंचीच्या निम्म्याच्या आत हवा.

खरी अडचण आखाडा सुटल्यावर येते. जोर-बैठका बंद होतात, खुराक मात्र तोच राहतो. वजन तेवढंच असतं, पण स्नायूची जागा चरबी घेते. काटा गप्प राहतो, टेप बोलते.

उलट्या टोकाला बुटक्या बायका. १५० सेंटीमीटर उंचीच्या बाईचा घेर ७८ असला तर तो ८० च्या आत आहे, पण उंचीच्या निम्म्यापेक्षा, म्हणजे ७५ पेक्षा, जास्त आहे. अशा बाईची साखर मी तपासतो.

कुणाला हे मोजमाप लावू नये?

गरोदर बाईला आणि नुकत्याच बाळंत झालेलीला. पोटात पाणी झालेल्याला, मोठा हर्निया किंवा पोटात गाठ असलेल्याला. मुलांना हे आकडे लागू नाहीत, त्यांचे वयानुसार वेगळे तक्ते असतात.

घेर ९० च्या वर आला. आता काय करायचं?

रक्तदाब मोजा. उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी आणि लिपिड प्रोफाइल करा. सोनोग्राफी झालेली असेल तर त्यात यकृतावर चरबी लिहिली आहे का ते बघा, आणि लिहिली असेल तर ‘ते सगळ्यांनाच असतं’ म्हणून सोडून देऊ नका.

आतली चरबी हट्टी नसते. खाणं कमी केलं की ती, त्यातही यकृतातली, लवकर उतरते. वजन एक किलो घटलं तर घेर साधारण एक सेंटीमीटर कमी होतो. वर सांगितलेल्या दिवाणजींना ९० च्या आत यायला तीन-चार किलो पुरतात. पण नुसतं उपाशी राहून वजन घटवलं तर आधीच कमी असलेले स्नायूही जातात. म्हणून चालण्याबरोबर जोर, बैठका, वजन उचलणं असं काहीतरी हवं, आणि ताटात डाळ, अंडं, दूध किंवा मासळी हवी. पोटाचे व्यायाम करून पोटाची चरबी जात नाही, त्याने फक्त खालचा स्नायू घट्ट होतो.

रोज मोजू नका. महिन्यातून एकदा, त्याच वेळी, त्याच जागी, शक्यतो त्याच माणसाकडून मोजून घ्या आणि कॅलेंडरवर लिहा. एका सेंटीमीटरचा चढउतार मोजण्यातलाच असू शकतो. सलग तीन महिने आकडा खाली येत असेल तर तो खरा. तीन महिन्यांनी एचबीए१सी पुन्हा करा, कारण तेवढ्या काळाची सरासरी साखर ते दाखवतं, आणि तोच कागद घेऊन दवाखान्यात या.